साडेनऊला येणाऱ्या फोनबद्दल: दैनिकांच्या मालकांना खुले पत्र

सांगली जिल्ह्यातल्या दैनिकांच्या मालकांना आणि मालक-संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

‘बातमी थांबवू नका, फक्त जरा सांभाळून घ्या.’ हे वाक्य तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी रात्री डेस्कला फोन करून उच्चारलेलं आहे. मी सांगलीच्या एका दैनिकात मुख्य उपसंपादक होतो, रात्रपाळीला बसायचो, आणि हा फोन बऱ्याचदा मीच घेतला आहे. आता निवृत्त आहे. कुणाचा पगारी नाही आणि कुणाकडून जाहिरातही मागायची नाही, म्हणून मोकळेपणी लिहितो.

सरळ ‘लावू नका’ म्हणणाऱ्या मालकाशी माझं फारसं भांडण नाही. बातमी लागली नाही तर निदान वाचकाच्या हातात खोटं काही पडत नाही. बातमीदार चिडतो, चहाच्या टपरीवर तुम्हाला शिव्या घालतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. शिवाय ती बातमी दुसऱ्या कुणाकडे तरी येतेच. मला बोलायचंय ते मऊ केलेल्या बातमीबद्दल. ती लागते, बातमीदाराच्या नावानिशी लागते आणि मूळ बातमीपेक्षा वेगळंच काहीतरी सांगते. हे सगळं पान सोडायच्या आधीच्या अर्ध्या तासात घडतं. तेव्हा कुणालाच काही तपासता येत नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. कारखाना, तालुका, दैनिक, काहीच सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून थकबाकीचा आकडाही बदलला आहे. बाकी जसं घडलं तसं.

दुपारी चारच्या सुमारास आमच्या बातमीदाराच्या हाती साखर आयुक्तांच्या आदेशाची प्रत आली. आपल्याकडे सगळे त्याला ‘आरआरसी’ म्हणतात, म्हणजे महसुली वसुली प्रमाणपत्र. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावं लागतं. शेतकऱ्याशी वेगळा लेखी करार असेल तर गोष्ट निराळी. बिल वेळेत दिलं नाही तर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागू होतं. तरीही कारखाना देत नसेल, तर सुनावणी घेऊन आयुक्त जिल्हाधिकाऱ्यांना कळवतात की ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करा. पुढे जिल्हाधिकारी तहसीलदारांना सांगतात आणि तहसीलदार गोदामातली साखर, मळी, बगॅस बघायला जातो. तिथे गेल्यावर बऱ्याचदा कळतं की साखर आधीच बँकेकडे तारण आहे. तो वेगळा विषय.

प्रत मोबाइलवर आली होती आणि बातमीदार तरुण असला तरी शहाणा होता. मोबाइलवर आलेला कागद म्हणजे खरा कागद, असं त्याने धरलं नाही. जावक क्रमांक आणि तारीख बघितली. जिल्हाधिकारी कार्यालयात आवक झाली का, ते विचारलं. आपला जिल्हा साखरेच्या बाबतीत कोल्हापूरच्या प्रादेशिक सहसंचालकांच्या हद्दीत येतो, म्हणून तिथेही फोन लावला. दोन्हीकडून दुजोरा मिळाला. मग गटातल्या तीन शेतकऱ्यांना गाठून त्यांच्याकडून उसाच्या वजनाच्या पावत्या आणि बँक पासबुकाच्या शेवटच्या पानांचे फोटो मागवून घेतले. पावत्या जानेवारी-फेब्रुवारीच्या होत्या, आणि पासबुकात डिसेंबरनंतर कारखान्याची एकही जमा नव्हती.

इतकी काळजी कशाला, असं कुणाला वाटत असेल तर १८८२ सालचं बर्वे प्रकरण आठवा. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ने लिहिलं, त्यामागची पत्रं बनावट निघाली, आणि टिळक-आगरकर दोघंही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. हेतू चांगला होता, कागदही हातात होता, पण कागद खोटा होता. आगरकर तर आपल्या शेजारचे, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. ज्या टेंभू योजनेच्या पाण्यावर आज आटपाडी-कवठेमहांकाळच्या रानात ऊस उभा राहतोय, तेच टेंभू.

पाचच्या सुमारास बातमीदाराने कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना फोन केला. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’ साडेपाचला पुन्हा केला, तेच उत्तर. मग त्याने प्रश्न लिहून पाठवले: आदेश मिळाला का, आदेशानंतर काही रक्कम दिली का, व्याज देणार का. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. सातला त्याने बातमी डेस्कला टाकली.

त्याच्या मूळ बातमीत दोन चुका होत्या आणि त्या आम्ही डेस्कवर दुरुस्त केल्या. त्याने लिहिलं होतं, ‘शेतकऱ्यांचे पैसे बुडवले’. आदेशात ‘थकीत’ होतं. पैसे थकणं आणि पैसे बुडणं यात कोर्टाच्या लेखी बराच फरक आहे, म्हणून ‘थकवले’ केलं. त्याने मथळा दिला होता, ‘कारखान्यावर जप्ती’. जप्ती अजून झालेली नव्हती, वसुलीचा आदेश निघाला होता, म्हणून मथळा तसा केला. दोन्ही ठिकाणी बातमी मऊच झाली, पण तक्रार करायला जागा नव्हती, कारण प्रत्येक बदलाच्या मागे तोच आदेश होता. बातमीदारानेही एक मिनिट वाद घातला आणि मान्य केलं.

सव्वाआठला पान लागलं. दोन कॉलम, वरच्या अर्ध्यात, बायलाइनसह. इंट्रो असा होता: ‘ऊस उत्पादकांची ११ कोटी ४० लाख रुपयांची एफआरपी थकवल्याप्रकरणी ही रक्कम १५ टक्के व्याजासह महसुली थकबाकीप्रमाणे वसूल करावी, असा आदेश साखर आयुक्तांनी जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे.’ खाली कारखान्याचं नाव, आदेशाची तारीख, तीन शेतकऱ्यांचे अनुभव आणि शेवटी ‘कारखान्याच्या कार्यकारी संचालकांशी दोनदा संपर्क साधूनही प्रतिसाद मिळाला नाही’.

आमच्या डाक आवृत्तीचं पान दहाला सुटायचं. नऊ चाळीसला मालकांचा फोन आला. आधी माझ्याशी बोलले, मग बातमीदाराला फोनवर बोलावलं. स्पीकर चालू होता.

‘अरे, ती कारखान्याची बातमी आहे ना, चेअरमनसाहेबांचा फोन आला होता. ते म्हणतात, पैसे गेलेत बँकेला. तू उगाच आगीत तेल ओततोयस.’

‘साहेब, मी पाचपासून त्यांच्या एमडींना फोन करतोय. गेले असतील तर किती गेले, कधी गेले, सांगा म्हणावं. ओळ टाकतो.’

‘ते उद्या देतील कागद. आज एवढं नाव काढ आणि जरा सांभाळून घे. बातमी थांबव असं कुठं म्हणतोय मी?’

‘उद्या कागद आला तर उद्या लावू की साहेब, पूर्ण.’

‘आता पान रिकामं ठेवणारेस का? दहा वाजतायत बघ.’

या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबतो, कारण बाहेरच्या माणसाला त्यातली मेख कळत नाही. पान दहाला सुटलं तर प्लेट वेळेत होते, छपाई वेळेत होते आणि जत-आटपाडीकडची गाडी ठरल्या वेळी निघते. अर्धा तास उशीर झाला की पुढे तो वाढत जातो. विक्रेता पहाटे स्टँडवर वाट बघत थांबतो, दुसरी दैनिकं आलेली असतात, तो त्यांचे गठ्ठे उचलून लाइनला जातो आणि आपला गठ्ठा तसाच पडून राहतो. दुसऱ्या दिवशी वितरणवाला ओरडतो आणि विचारतो, पान कुणामुळे उशिरा सुटलं? उत्तर ठरलेलं असतं: बातमीदारामुळे. मालकाच्या फोनमुळे, असं उशिराच्या रजिस्टरात कुणी लिहीत नाही. म्हणजे नऊ चाळीसला बातमीदाराची गाठ एकट्या मालकाशी नसते. माऊसवर हात ठेवून बसलेला ऑपरेटर, प्लेटवाला, गाडीचा ड्रायव्हर आणि स्टँडवरचा विक्रेता, सगळे त्याच्यासमोर उभे असतात. त्यातल्या कुणाचाच कारखान्याशी संबंध नसतो. पण सगळ्यांना घाई असते.

फोन सातला आला असता तर आम्ही एमडींना पुन्हा गाठलं असतं, बँकेच्या शाखाधिकाऱ्याला घरी फोन लावला असता. साडेनऊनंतर फक्त दोन गोष्टी होऊ शकतात: वाक्यं काढणं आणि वाक्यं बदलणं. चेअरमन मंडळींना हे नेमकं ठाऊक असतं. आमच्या बातमीदाराचे प्रश्न त्यांच्या एमडींनी पावणेसहालाच वाचले होते. उत्तर द्यायला चार तास होते. तरी चेअरमनसाहेबांनी नऊपर्यंत दम धरला आणि फोन केला तो बातमीदाराला नाही, तुम्हाला.

डाक आवृत्तीत शेवटी जे गेलं ते असं: ‘तालुक्यातील एका साखर कारखान्याकडून तांत्रिक कारणामुळे काही शेतकऱ्यांची ऊस बिले अदा होण्यास विलंब झाला असून, बहुतांश रक्कम बँकेकडे वर्ग करण्यात आली आहे. उर्वरित रक्कमही लवकरच जमा होईल, असे सूत्रांनी सांगितले.’ मथळा, ‘ऊस बिले लवकरच खात्यावर’. वर बातमीदाराचं नाव तसंच राहिलं.

नाव गेलं, याचं लोकांना वाईट वाटतं. मला त्याचं फार वाटत नाही. त्या तालुक्यात कोणता कारखाना ते शेंबड्या पोरालाही कळतं. खरं नुकसान इतर तीन ठिकाणी झालं.

पहिलं म्हणजे आदेश गेला. आयुक्तांनी सुनावणी घेऊन काढलेला सरकारी आदेश, म्हणजे बातमीचा कणा, नवीन मजकुरात कुठेच नव्हता. उरला तो ‘विलंब’. आदेश असला की वाचक तहसील कार्यालयात जाऊन विचारू शकतो, पुढची कारवाई कुठवर आली? विलंबाबद्दल विचारायला तो कुठे जाणार?

दुसरं, ‘सूत्रांनी सांगितले’. त्या रात्री सूत्र म्हणजे चेअरमन, आणि चेअरमनचं म्हणणं फोनवर ऐकवणारे मालक. ‘बहुतांश’ हा शब्द कुठल्या कागदावर नव्हता. चेअरमनचं म्हणणं छापायला माझी काहीच हरकत नव्हती. ‘बहुतांश रक्कम बँकेकडे पाठवली आहे, असा दावा अध्यक्षांनी केला, त्याची कागदपत्रे रात्री उशिरापर्यंत मिळाली नाहीत’, एवढी ओळ घाला, असं मी सुचवलंही होतं. ते त्यांना नको होतं. त्यांना आपलं म्हणणं आपल्या तोंडून नको होतं, दैनिकाच्या तोंडून हवं होतं.

तिसरं नुकसान सगळ्यात मोठं, आणि तेच कुणाच्या लक्षात येत नाही. व्याज गेलं. हिशेबाला सोपे आकडे घेतो. एखाद्याचा ६० टन ऊस गेला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २८०० रुपये धरले, तर बिल झालं १ लाख ६८ हजार. १४ दिवसांची मुदत संपल्यावर ते आणखी १२० दिवस थकलं, तर १५ टक्क्यांनी व्याज होतं सुमारे ८ हजार २८५ रुपये. दीड-दोन एकरवाल्याच्या घरी ही रक्कम खतासाठी किंवा पोराच्या फीसाठी लागते. कारखान्यांची खरी धडपड बऱ्याचदा हे व्याज टाळण्याची असते. मुद्दल आज ना उद्या ते देतातच, कारण पुढच्या हंगामात ऊस हवा असतो. व्याज मात्र मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि ज्याला हक्क आहे हेच माहीत नाही तो मागणार कसा? मूळ इंट्रोतले ‘१५ टक्के व्याजासह’ हे शब्द त्या रात्री पहिल्यांदा उडाले. मालकांनी ते मुद्दाम काढायला सांगितले नव्हते. वाक्य मऊ करताना आदेश गेला आणि आदेशाबरोबर व्याजही गेलं.

त्याच रात्री पुढे जे झालं तेही सांगायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. डाक आवृत्ती गेल्यावर बातमीदार घरी गेला नाही. अकराच्या सुमारास त्याने एमडींना निरोप धाडला: शहर आवृत्तीत मूळ बातमी घेण्याची विनंती मी करणार आहे, काही द्यायचं असेल तर आता द्या. आणि गंमत बघा, दहा मिनिटांत बँकेच्या पत्राचा फोटो आला. त्या दिवशी दुपारी खरोखरच कारखान्याने काही रक्कम बँकेकडे वर्ग केली होती. बहुतांश नव्हे, साधारण पाचवा हिस्सा. पण दिली होती. चेअरमन अगदीच खोटं बोलत नव्हते, आणि आमचे मालकही अगदीच चुकीचं सांगत नव्हते. आमच्या मूळ बातमीत ही माहिती नव्हती, त्यामुळे ती बातमीही त्या रात्रीपुरती अपुरीच होती.

मी मालकांना फोन केला, कागद आल्याचं सांगितलं, नवा मजकूर वाचून दाखवला. आदेशाच्या तारखेला थकबाकी किती, त्यानंतर किती दिली, किती उरली, व्याजाबद्दल कारखान्याचं म्हणणं काय. ते दोन क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, ‘बरं, जाऊ दे.’ शहर आवृत्तीत नावासह, आकड्यांसह, चांगली तोलून-मापून बातमी गेली.

म्हणजे सांगली शहरात, जिथे कुणाच्या बाल्कनीत ऊस लावलेला नाही, तिथल्या वाचकाला पूर्ण बातमी मिळाली. आणि ज्या गावांचा ऊस गेला होता, ज्यांची बिलं अडकली होती, त्यांना मिळालं ‘ऊस बिले लवकरच खात्यावर’.

सकाळी सातपासून बातमीदाराचा फोन वाजू लागला. ज्या तीन शेतकऱ्यांनी पासबुकाचे फोटो दिले होते त्यातल्या एकाने विचारलं, ‘किती घेतलंस?’ बाकी दोघांनी फोनच केला नाही. पुढच्या वेळी त्या गटातून त्याला पावती कोण देणार? तुमच्या दृष्टीने ती एका रात्रीची तडजोड होती. त्याचा मात्र त्या भागातला माणूसच तुटला, आणि असा माणूस जोडायला बातमीदाराला वर्षं लागतात.

आता तुमची बाजू. ती मला कळत नाही असं समजू नका. जिल्हा दैनिकाच्या अंकाच्या किमतीत कागद-शाई निघत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. मोळीपूजनाची जाहिरात, वार्षिक सभेची नोटीस, निविदा, चेअरमनच्या वाढदिवसाची पुरवणी, यातून पगार होतात, माझाही होत होता. एका कारखान्याने वर्षभर जाहिरात बंद केली तर छोट्या दैनिकाला ती खोट भरून काढणं अवघड जातं. त्यामुळे ‘निर्भीड व्हा’ वगैरे उपदेश मी करणार नाही. मालकाने चेअरमनचा फोन उचलू नये, असंही म्हणणार नाही. फोन उचला. चहाला बोलवा. पण त्या फोनचं पुढे काय करायचं, याला काही पद्धत असू द्या.

आणि कायद्याने बघायचं तर तुमच्यातले जे मालक स्वतःच संपादक आहेत, त्यांना बातमी निवडण्याचा अधिकार आहेच. अंकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं की वृत्तनिवडीची जबाबदारी संपादकाची. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा १ मार्च २०२४ पासून २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली, तरी बातमीला संपादकच उत्तरदायी, ही व्यवस्था कायम आहे. माझं म्हणणं एवढंच की अधिकार तुमचा असेल तर बदलावर नावही तुमचंच हवं. निर्णय मालकाचा आणि बायलाइन बातमीदाराची, हे चालणार नाही. बातमीदाराने दिलेल्या बातमीतले तथ्य त्याच्या संमतीशिवाय बदललं, तर त्याचं नाव काढा आणि ‘प्रतिनिधी’ लिहा. त्याला एक पैसा खर्च नाही. मागितल्यावर नाव काढलं जाईल, एवढी जरी खात्री बातमीदाराला असली तरी त्याला सकाळी सातचा फोन उचलता येतो.

दुसरी गोष्ट वेळेची. अब्रुनुकसानीची भीती, चुकीचा आकडा, समोरच्याची बाजू राहून जाणं, या तुमच्या शंका रास्त असतात, पण त्या तपासायला दोन तास लागतात. म्हणून डाक आवृत्तीच्या पानाच्या दोन तास आधी एक वेळ ठरवा. कारखाना, बँक, पतसंस्था, मोठा जाहिरातदार यांच्यावरची बातमी त्या वेळेला तुम्हाला वाचायला मिळेल. हवं ते विचारा, कागद मागा, वकिलाला दाखवा. त्यानंतर फोन आला तर दोनच वाटा: समोरचा बोलतोय ते त्याच्या नावाने अवतरणात घ्यायचं, नाहीतर बातमी पूर्णच दुसऱ्या दिवसावर ठेवायची. एक दिवस थांबलेली बातमी मला चालते. पाण्यात विरघळलेली नाही चालत. पान रिकामं राहील म्हणाल, तर दोन कॉलमचा एखादा भराव रोज तयार ठेवणं डेस्कला जड नाही. आम्ही सणावाराच्या दिवसांत ठेवायचोच.

आणि जे काही सांगाल ते लिहून सांगा. डेस्कच्या ग्रुपवर एक ओळ टाका: अमुक वाक्य काढावे, कारण अमुक. कारण लिहायला घेतलं की तुमचं तुम्हालाच कळतं, कारण आहे की नाही. ‘आदेशानंतर पैसे दिलेत, बँकेचं पत्र जोडलंय’ हे लिहिता येतं. ‘चेअरमन आपले आहेत’ हे लिहायला हात धजत नाही.

एक अवघड जागा राहिली, ती तालुक्याच्या बातमीदारांची. जिल्ह्याच्या ठिकाणी निदान जाहिरातवाला वेगळा आणि बातमीदार वेगळा असतो. तालुक्यात दोन्ही एकच माणूस. मानधन नावापुरतं, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची, आणि त्या तालुक्यात मोठी जाहिरात देणारा कारखाना एकच. अशा माणसाला तुम्हाला फोन करावाच लागत नाही. तो आधीच सांभाळून लिहितो, किंवा लिहीतच नाही. आमच्या प्रसंगातली बातमी सांगलीच्या बातमीदाराला का मिळाली? तालुक्याच्या बातमीदाराकडे ती प्रत दोन दिवस आधीच आली होती म्हणून. त्याला मी दोष देत नाही. मोळीपूजनाची पानभर जाहिरात त्याच्या घरची दिवाळी होती. पण तुम्ही एवढं तरी करू शकता: ज्या संस्थेची जाहिरात त्याच्या नावावर आहे, तिची बातमी जिल्हा कार्यालयातून करा आणि तिच्या जाहिरातीचं कमिशन त्याला नियमित द्या. बातमीमुळे जाहिरात बंद झालीच, तर त्या वर्षाचं त्याचं कमिशन कार्यालयाने सोसावं. रक्कम तुमच्या हिशेबात फार मोठी नाही. त्याच्या हिशेबात आहे.

‘लोक तक्रार करत नाहीत, कुणाला कळत नाही’, असं तुमच्यापैकी एकजण मला म्हणाले होते. ज्याच्या खिशात पासबुक आहे त्याला कळतं. शिवाय आदेशाची प्रत आता आमच्याआधी गावच्या ग्रुपवर पडलेली असते. ती वाचून माणूस दैनिक उघडतो आणि ‘तांत्रिक कारणामुळे विलंब’ वाचतो. तो तक्रार कशाला करेल? तो पुढच्या महिन्यात लाइनवाल्या पोराला सांगतो, उद्यापासून टाकू नकोस.

गळिताचा हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होईल. मोळीपूजनाच्या जाहिराती घ्यायला तुमची माणसं त्याआधी कारखान्यांवर जातील, तेव्हा चेअरमन आणि एमडींना एक निरोप तोंडी का होईना द्यायला सांगा: बातमीबद्दल बोलायचं असेल तर संध्याकाळी साडेसातपर्यंत, थेट डेस्कशी आणि कागदासह. डेस्कवरही तीच सूचना सहीनिशी लावा. वेळ कोणती ठरवायची, ‘प्रतिनिधी’ कधी लिहायचं, तालुक्याच्या माणसाचं कमिशन कसं धरायचं, यावर बसून बोलायला मी कधीही यायला तयार आहे. तुम्ही जिथे बोलवाल तिथे, फक्त रात्री नऊनंतर नको.

आपला,
सांगलीतला एक निवृत्त मुख्य उपसंपादक